सायब बाई आसत

गेल्या महिन्यात आमच्या कुडाळातल्या एका कॉलेजात नोकरीच्या अर्जांवर व्याख्यान होतं. शेवटच्या वर्षाची मुलं, बाहेर मळभ, आणि व्यासपीठावर दोन पाहुणे. एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि दुसऱ्या पुण्याच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात काम केलेल्या बाई. प्रश्नोत्तरांत एका मुलीने अगदी साधं विचारलं. जाहिरातीत नुसता ई-मेलचा पत्ता आहे, अर्ज वाचणाऱ्याचं नाव नाही, पुरुष की बाई तेही माहीत नाही, तर सुरुवात काय करायची? गुरुजी म्हणाले, ‘रिस्पेक्टेड सर’ लिहा, आमच्या आजोबांपासून चालत आलंय, त्यात कुणाचा अपमान होत नाही. बाई म्हणाल्या, वाचणारी स्त्री असूच शकत नाही हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंत, ‘सर ऑर मॅडम’ हेच बरोबर. मग अर्धा तास संस्कृती, पुरुषप्रधानता, इंग्रजांची गुलामी असं सगळं फिरून आलं. दोघांनाही टाळ्या पडल्या. मी त्या मुलीच्या मागच्या बाकावर होते. तिच्या वहीत शेवटी एवढंच उरलं होतं: ‘सर / मॅडम??’ दोन प्रश्नचिन्हांसकट.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. दोन्ही पाहुणे चुकीच्या प्रश्नावर भांडत होते. वाचणारा पुरुष की स्त्री, हे अर्ज करणाऱ्याला माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते. अर्ज माणसाला नव्हे, खुर्चीला लिहायचा असतो. नाव खात्रीने मिळालं तर नाव, नाहीतर पदाचं किंवा विभागाचं नाव, आणि अंदाज कधीच नाही. यात नवं काही नाही. मराठी पत्रव्यवहाराने हा पेच फार पूर्वी सोडवून ठेवलाय, पण आम्ही इंग्रजी मायन्याची नक्कल करण्याच्या नादात तो पुन्हा ओढवून घेतला.

हे मी बाहेर बसून बोलत नाही. सिंधुदुर्गातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी अकरा वर्षं आवक-जावक सांभाळली. आता बसस्थानकाजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. म्हणजे आधी अर्ज उघडत होते, आता पाठवते. कारखान्यात भरतीचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे आणि त्यांतले बहुतेक ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू व्हायचे. मला त्याचं वाईट वाटलं का? पहिले काही दिवस हसू आलं, नंतर ते शब्द दिसेनासेच झाले, जसा रोजच्या वाटेवरचा दगड दिसत नाही तसे.

म्हणूनच गुरुजींच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट मी आधी मान्य करते: ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलं म्हणून कुणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही. माझ्यासमोर तसा एकही अर्ज बाजूला पडला नाही. निवड करणारी माणसं शिक्षण बघतात, अनुभव बघतात, घर किती लांब आहे ते बघतात, आणि आपल्याकडे कोण कुणाचा कोण हेही बघतात. मायन्यावर नोकरी मिळते असं सांगणारा माणूस मुलांना फसवतोय. आणखी एक मान्य करते. ‘सर’ लिहिणाऱ्या मुलांच्या मनात बायकांविषयी तुच्छता असते असंही नाही. शाळेत निबंध-पत्रलेखनाच्या तासाला फळ्यावर जे लिहिलं होतं तेच हात लिहितो. नववीतल्या वहीचा दोष बावीस वर्षांच्या पोरावर टाकणं बरं नव्हे.

पण ‘नुकसान होत नाही’ आणि ‘उपयोग होतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवक टेबलावर बसलेल्या माणसाला विचारा, पत्रात तो पहिल्यांदा काय वाचतो? मायना नाही. तो ‘प्रति’च्या खालची ओळ वाचतो आणि ‘विषय’ वाचतो, कारण त्यावरून पत्र कुठल्या ट्रेमध्ये टाकायचं ते ठरतं. आमच्याकडे खरेदी, हिशेब, प्लांट आणि मालक असे चार ट्रे होते. ज्या अर्जावर ‘प्रति, प्लांट मॅनेजर, विषय: फिटर पदासाठी अर्ज’ असं असायचं तो दहा मिनिटांत जागेवर जायचा. ज्यावर वर नुसतं ‘टू, द मॅनेजर’, त्याखाली ‘रिस्पेक्टेड सर’ आणि मग थेट ‘विथ रेफरन्स टू अबव्ह सब्जेक्ट’ असायचं, आणि वर ‘सब्जेक्ट’च नसायचा, तो मला आधी पूर्ण वाचावा लागायचा. कामाच्या दिवशी तो खाली राहायचा. मुद्दाम कुणी ठेवायचं नाही, राहायचा. पत्राच्या डोक्यावरच्या ओळींना दोन कामं असतात: पत्र योग्य हाती पोचवणं आणि त्या हाताला नमस्कार करणं. कॉलेजातली सगळी चर्चा दुसऱ्या कामावर झाली. पहिल्याचा कुणी उच्चारही केला नाही.

ई-मेलात ट्रे नसतात, असं कुणी म्हणेल. असतात, फक्त दिसत नाहीत. hr@ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर आलेला मेल बहुतेक ठिकाणी एकच माणूस उघडतो आणि विषयाची ओळ बघून पुढे ढकलतो. मग तिथे बसलेला माणूस तो छापतो, तिसरा खुणा करतो, चौथा मुलाखतीला बोलावतो. अर्जाचा वाचक एक नसतो, ही गोष्ट ‘सर की मॅडम’ या वादात कुणाच्या लक्षातच येत नाही. एकाच कागदाला तीन-चार माणसं हाताळणार असतील तर त्या कागदाचं ‘सर’ कोण आणि ‘मॅडम’ कोण? त्यातल्या कुणाला उद्देशून तुम्ही बोलताय? लिंग माहीत नाही ही अडचण वरवरची आहे. खाली खोदलं तर कळतं की तिथे एक माणूसच नाही.

गुरुजींनी कायद्याचाही आधार दिला होता. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १३ मध्ये म्हटलंय की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. खरं आहे. पण ते कलम विषयाशी वा संदर्भाशी विसंगत नसेल तिथेच लागू होतं, आणि मुख्य म्हणजे ते केंद्रीय कायदा कसा वाचायचा ते सांगतं, माणसाला हाक कशी मारायची ते नाही. कायद्यात ‘तो’ लिहिलंय म्हणून त्यातून बायका सुटू नयेत, एवढाच त्याचा हेतू. त्या कलमाचा दाखला देऊन शेजारच्या काकूंना ‘काका’ म्हणून बघा.

आता बाईंच्या बाजूकडे. ‘सर ऑर मॅडम’ हे ‘सर’पेक्षा बरं आहे यात वाद नाही. निदान लिहिणाऱ्याने क्षणभर विचार केला हे त्यातून कळतं. तरी ती नुसती डागडुजी आहे, घर नवं नाही. मराठीत त्याचं ‘महोदय/महोदया’ होतं, आणि तिरकी रेघ दिसली की छापील फॉर्मची आठवण येते: लागू नसेल ते खोडावे. शिवाय दोनच खोके मांडले की तिसऱ्याचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगओळखीला मान्यता दिली त्याला आता दशक उलटून गेलंय. बाईंचा मुद्दा न्यायाचा होता तर तो दोन खोक्यांपाशी थांबायला नको. आणि व्यवहारातली गंमत अशी की वर ‘सर/मॅडम’ लिहिणारी मुलं तिसऱ्या परिच्छेदात ‘सर, आय ॲशुअर यू’ म्हणून परत जुन्या वाटेला लागतात. वरची ओळ शिकवलेली असते, खालची सवयीची.

मग नवा शब्द घडवावा का? इंग्रजीत तो प्रयोग झालाय. बाई विवाहित की अविवाहित ते माहीत नसेल तर काय लिहावं, हा पेच सोडवायला अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन या वर्तमानपत्रात १९०१ मध्ये ‘मिझ’ असं संबोधन सुचवलं गेलं. न्यूयॉर्क टाइम्सने ते आपल्या पानांवर स्वीकारलं १९८६ मध्ये. पंच्याऐंशी वर्षं लागली, आणि तोही शब्द बाई आहे हे माहीत असेल तेव्हाच चालतो. भाषेत नवा शब्द रुजवणं हे मोठं काम आहे, जरूर करावं. पण अर्ज उद्या पाच वाजेपर्यंत पाठवायचाय. त्या मुलीला आहे त्या भाषेतलंच काहीतरी हवंय.

आणि ते आहे. आपल्या जुन्या कागदांत बघा. आदिलशाहीचा अंमल या दक्षिण कोकणावर होता, त्या काळातल्या सनदा-फर्मानांत एक ठरलेला तुकडा येतो: ‘कारकुनानी हाल व इस्तकबाल’. हाल म्हणजे आत्ताचे, इस्तकबाल म्हणजे पुढे येणारे. अमुक गावचं इनाम अमुक माणसाला दिलंय, हे आत्ताच्या कारकुनांनी आणि त्यांच्यानंतर येणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं. नाव का नाही घातलं? कारण हुद्देदार बदलणार, मरणार, दुसरीकडे जाणार, आणि कागद मात्र पुढे कित्येक वर्षं चालला पाहिजे. नावाने लिहिला असता तर नवा माणूस म्हणाला असता, हे मला उद्देशून नाही. खुर्चीला लिहिलं की जो बसेल त्याला ते लागू. नोकरीच्या अर्जाची गरज अगदी हीच नाही का? जाहिरात दिली तेव्हा असलेला मॅनेजर अर्ज उघडेपर्यंत दुसरीकडे गेलेला असतो, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसरी सोय व्याकरणात आहे, आणि ती रोज वापरत असून कुणाच्या लक्षात येत नाही. ‘तो आला’, ‘ती आली’, ‘ते आले’, ‘त्या आल्या’ इथे लिंग उघड आहे. पण विभक्तीचा प्रत्यय लागला आणि आदरार्थी बहुवचन केलं की काय होतं? ‘त्यांना’, ‘त्यांस’, ‘यांस’. पुरुष असो वा स्त्री, रूप एकच. एकवचनात ‘त्याला’ आणि ‘तिला’ वेगळे राहतात, बहुवचनात आदर दिला की फरक गळून पडतो. म्हणून ‘मा. व्यवस्थापक यांस’ या तीन शब्दांच्या ओळीत ‘मा.’ आणि ‘यांस’ कुणालाही चालतात. ‘व्यवस्थापिका’ हवं का असं कुणी विचारलं तर त्याचंही उत्तर आहे: पद लिहा, पदावरची व्यक्ती नको. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘राष्ट्रपती’ या शब्दावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली होती. शब्द बदलला नाही, आणि आज तो बाईसाठी वापरताना कुणी अडखळत नाही. पदाची नावं अशी अंगवळणी पडतात. तरीही खटकत असेल तर ‘मनुष्यबळ विभाग’ किंवा ‘निवड समिती’ लिहा, प्रश्नच मिटला.

राहिला तो ‘महोदय’. सगळी अडचण या एका शब्दात आहे, कारण ती हाक आहे आणि हाकेला लिंग लागतं. मग हाक मारलीच पाहिजे का? मराठी पत्रात ‘यांस’ नंतर थेट ‘स.न.वि.वि.’ येतं: सप्रेम नमस्कार विनंती विशेष. नमस्कार झाला, विनंती सुरू झाली, आणि कुणाला ‘अहो’ किंवा ‘बाई’ म्हणावं लागलं नाही. आजच्या मुलांना ही अक्षरं पोस्टकार्डावरच्या आजोबांची वाटतात, ठीक आहे, ‘सप्रेम नमस्कार’ एवढंच लिहा. इंग्रजीत ‘यांस’ नाही, तिथे हाक मारावीच लागते, म्हणून पदाला मारायची: ‘डिअर हायरिंग मॅनेजर’, ‘डिअर प्लांट मॅनेजर’, ‘डिअर सिलेक्शन कमिटी’. कानाला थोडं लाकडी लागतं, मान्य. पण ‘टू हूम इट मे कन्सर्न’ नको. ती ओळ दाखल्याची आहे, जो कुणाच्याही हाती पडावा म्हणून दिलेला असतो. अर्ज कुणाच्या तरी हाती पडायला हवाय.

यावर एक आक्षेप मला माझ्याच आईने घेतला. ती म्हणाली, नुसतं प्लांट मॅनेजर म्हणायचं? सर नाही, साहेब नाही? हे उद्धटपणाचं नाही का दिसत? तिचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. आपल्या भागात वयाला आणि हुद्द्याला मान देऊनच बोलतात, आणि तालुक्याच्या गावातली ऑफिसं चालवणारी बरीच माणसं अजून त्या पिढीतली आहेत. तहसील कचेरीबाहेर बसणारे अर्ज लिहिणारे आजही ‘मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ असं लिहितात. त्यातला ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. (दुकानाच्या नावामागचा ‘मे.’ वेगळा, तो मेसर्सचा.) पण मान कशात असतो ते नीट बघितलं तर तो एकट्या ‘साहेब’मध्ये नाही. तो ‘मा.’मध्ये आहे, ‘यांस’मध्ये आहे, ‘आपण’मध्ये आहे, ‘मुलाखतीची संधी द्यावी’ यातल्या ‘द्यावी’त आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीपर्यंत पसरलेला असतो. वरचा एक शब्द काढला तर तो ओसरत नाही.

आता एक प्रत्यक्षातली गोष्ट. माझी भाची वेंगुर्ल्याची, रसायनशास्त्रात बी.एस्सी. गेल्या वर्षी स्थानिक पेपरात चार ओळींची जाहिरात आली: काजू प्रक्रिया कारखान्यात क्वालिटी असिस्टंट पाहिजे, बी.एस्सी., अनुभव नसला तरी चालेल, अर्ज ई-मेलने, शनिवारपर्यंत. फोन नंबर नव्हता. ती गुरुवारी दुकानात आली तेव्हा अर्ज तयार होता आणि वर ‘रिस्पेक्टेड सर’ होतं. मी म्हटलं, कोण सर? ती म्हणाली, असेल कुणीतरी.

नाव शोधायचं तर पंधरा-वीस मिनिटं शोधावं, त्याहून जास्त नाही, असा माझा हिशेब आहे. नेटवर कंपनीच्या संचालकांची नावं सापडली, पण ती घ्यायची नाहीत. संचालक मुंबईत असतो आणि अर्ज त्याच्यापर्यंत कधी जात नाही. सापडलं तेच नाव ठोकून दिलं ही चूक ‘सर’पेक्षा वाईट. फोन नंबर मात्र पाहिजे होता. तो कुठे मिळाला? समोरच्या वाण्याकडे. त्या कारखान्याच्या काजूची पाकिटं तिथे टांगलेली होती. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्काचा फोन, ई-मेल छापावाच लागतो, २०११ च्या नियमांप्रमाणे. मागच्या बाजूला, खाद्य परवान्याच्या चौदा आकडी नंबराखाली, अगदी बारीक अक्षरांत तो होता. भाचीने मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचला.

फोनवर काय विचारायचं तेही आधी ठरवलं. ‘तिथे सर आहेत की मॅडम?’ हे नाही. त्याने समोरच्या माणसाला वाटतं की कुणी ओळख काढायला बघतंय. विचारायचं असं: ‘क्वालिटी असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज पाठवायचाय, तो कोणत्या पदाच्या नावे पाठवू?’ भाचीने तसंच विचारलं. पलीकडे कुणी म्हातारे गृहस्थ होते.

‘सायबांच्या नावान धाडा,’ ते म्हणाले.

‘साहेब म्हणजे कोण? कुठल्या पदावर?’

‘प्लांटचे सायब. प्लांट मॅनेजर.’

‘त्यांचं नाव सांगाल का?’

‘नाव... थांबा हां, इचारून सांगतंय.’ मग थोडं थांबून, जणू आपण काही चुकीचं सांगितलं असं वाटून, ‘पण सायब बाई आसत.’

आणि लाइन तुटली. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही.

भाची खूश. ‘मग रिस्पेक्टेड मॅडम लिहिते!’ इथे माझं आणि तिचं थोडं वाजलं. तिचं म्हणणं, आता तर माहीत झालं ना? मी म्हटलं, काय माहीत झालं? प्लांट मॅनेजर बाई आहेत हे. अर्ज त्याच उघडणार आहेत हे कुठे कळलं? जी गोष्ट त्या गृहस्थांनी पक्की सांगितली ती पदाची, तेवढीच वापर. शेवटी अर्जाचं डोकं असं झालं: ‘प्रति, मा. प्लांट मॅनेजर यांस’, खाली कारखान्याचं नाव आणि पत्ता पाकिटावर होता तसा, ‘विषय: क्वालिटी असिस्टंट पदासाठी अर्ज’, ‘संदर्भ:’ पेपरचं नाव आणि जाहिरातीची तारीख, आणि मग ‘सप्रेम नमस्कार’. मेलच्या विषयाच्या ओळीत पद आणि तिचं नाव. मायन्याची ओळ एका मिनिटात झाली, पहिल्या वाक्यावर आम्ही अर्धा तास घालवला, आणि तेच योग्य होतं. तिने आधी ‘मला आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची इच्छा आहे’ असं लिहिलं होतं. ते काढून, कॉलेजच्या प्रकल्पात काजूगरातली आर्द्रता कशी मोजली ते लिहिलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं ते हिशेब विभागातल्या एका गृहस्थांच्या सहीने. तेच कारखान्याची भरतीही बघत होते, आणि मेल त्यांनीच उघडला होता. मुलाखत प्लांट मॅनेजर बाईंनी घेतली. त्यांच्यासमोर भाचीच्या अर्जाची प्रत होती आणि कोपऱ्यात निळ्या शाईत कुणीतरी लिहिलं होतं, ‘प्लांटकडे’. म्हणजे ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलं असतं तर ते उघडणाऱ्याला लागू, वाचणारीला नाही. ‘रिस्पेक्टेड मॅडम’ लिहिलं असतं तर उलट. ‘प्लांट मॅनेजर यांस’ हे दोघांना पुरलं, शिवाय कागद कुठे द्यायचा तेही हिशेबवाल्याला विचार न करता कळलं. नोकरी तिला मिळाली नाही. मालवणच्या एका मुलीला दोन वर्षांचा अनुभव होता, तिला घेतलं. मघाशी म्हटलंच, मायन्यावर नोकऱ्या मिळत नाहीत.

नाव मिळालं की प्रश्न सुटला, असंही समजू नका. किरण, शीतल, मंगल, कमल ही नावं घेऊन सांगा बघू, पुरुष की बाई? आणि नुसती आद्याक्षरं असतील तर बोलायलाच नको. बाई आहे हे पक्कं माहीत असलं तरी ‘श्रीमती’ लिहावं का? हिंदीत ती विवाहिता, आपल्याकडे जुन्या माणसांच्या कानाला ती विधवा. ‘सौ.’ आणि ‘कु.’ लिहिणं म्हणजे नोकरी देणाऱ्या बाईच्या घरात डोकावणं. विधवांसाठी ‘गं.भा.’ वापरावं असा प्रस्ताव २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रालयातून पुढे आला तेव्हा केवढी नाराजी उसळली ते आठवत असेल. बाईच्या नावामागे तिच्या नवऱ्याची खबर लावायची ही खोड आपली जुनीच. ‘मा.’ आणि पूर्ण नाव, पुढे ‘यांस’, एवढं पुरे. इंग्रजीतही ‘डिअर’ आणि पूर्ण नाव, मध्ये मिस्टर-मिसेस काही नको.

कुठे हे सगळं गैरलागू आहे तेही सांगून टाकते. सरकारी भरतीच्या जाहिरातीत ‘अर्ज अमुक अधिकाऱ्यांच्या नावे’ असं छापलेलं असतं, तिथे अक्षर न बदलता तेच उतरवायचं, आपली अक्कल चालवायची नाही. ऑनलाइन फॉर्मात मायनाच नसतो. आणि आपल्याकडचे निम्मे धंदे असे की मालक, मॅनेजर आणि कॅशियर एकच माणूस, आणि तो कुणाचा कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक. तिथे अर्ज कसला, जाऊन भेटायचं.

एक प्रामाणिक शंका मात्र उरते, आणि तिचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. त्या फोनवरच्या गृहस्थांच्या तोंडी ‘सायब’ हा शब्द बाईला चालत होता. हुद्दा झाला होता तो, लिंग गळालेलं. मग ‘सर’चंही उद्या तसंच होणार नाही कशावरून? होईलही. पण आज ऑफिसातल्या बाईला दिवसभर ‘मॅडम’ म्हणतात, म्हणून ‘सर’ ऐकलं की ते दुसऱ्या कुणाला तरी आहे असंच तिला वाटतं. जोडीचा शब्द जिवंत आहे तोवर पहिला दोघांचा होत नाही. शिवाय ते गृहस्थ स्वतःही ‘पण’ म्हणाले होतेच.

परवा ती कॉलेजातली मुलगी दुकानात आली, वही नव्हे, पेनड्राइव्ह घेऊन. मला ओळखलं नाही तिने. व्याख्यानातलं दोघांचंही न ऐकता तिने आपल्या मनाने लिहिलं होतं, ‘प्रति, मनुष्यबळ विभाग’, विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. मी प्रिंट काढली आणि सवयीने खालपर्यंत नजर टाकली. कुठल्यातरी नमुन्यावरून उतरवलेलं असावं, कारण शेवटी तसंच राहिलं होतं: ‘आपला/आपली विश्वासू’. मी कागद काउंटरवर फिरवून तिच्याकडे केला आणि पेन पुढे सरकवलं.